पालकसभेत तक्ता बदलला, तेव्हा पालक बोलू लागले

दहावीच्या पालकसभेसाठी मी पहिल्या वर्षी छान स्लाइड्स केल्या होत्या. पहाटे पाचला उठणे, रोज सहा तास अभ्यास, मोबाईल बंद. पालक माना डोलावून गेले आणि घरी काहीच बदललं नाही. माझं वेळापत्रक त्यांच्या घरात बसणारंच नव्हतं.

पुढच्या सभेत मी सुरुवातीलाच कोरा कागद वाटला आणि संध्याकाळी पाच ते दहा घरात काय चालतं ते लिहायला सांगितलं. एका आईने लिहिलं, "सात ते साडेनऊ टीव्ही, खोली एकच." तिचाच कागद फळ्यावर मांडला. मुलगा क्लासहून सहाला येतो. मग सहा ते सात गणित, कारण तेव्हा घर शांत असतं. टीव्हीच्या वेळेत जेवण आणि आकृत्यांचा सराव. साडेनऊनंतर पाऊण तास वही मिटून दिवसभरातलं आठवून लिहायचं.

रविवारी अकरा वाजता गणित भाग एकची 40 गुणांची प्रश्नपत्रिका, बरोबर दोन तास. इथे पालकांचं काम एवढंच: घड्याळ लावायचं, एक वाजता पेपर काढून घ्यायचा. "किती पडतील?" असं न विचारता "कुठला प्रश्न राहिला?" असं विचारायचं. राहिलेला प्रश्न सोमवारी सहा वाजता पहिला.

मागच्या बाकावरचे एक वडील म्हणाले, "बाई, मला गणित येत नाही, पण घड्याळ लावता येतं." त्या दिवशी सभा अर्धा तास लांबली.