लहान गॅरेजचं लेबर कसं लावावं: कुठे ठरीव, कुठे तासावर

“शेजारचा क्लचचे दोन हजार घेतो, तूही दोन हजार घे.” लेबर ठरवायचा हा सल्ला सगळेच देतात. शेजाऱ्याचं भाडं किती, त्याच्याकडे माणसं किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी तुमचा तास केवढ्याला पडतो ते काढा. समजा भाडं 25 हजार, दोन मेकॅनिकचा पगार मिळून 44 हजार, हेल्पर 12 हजार, वीज-चहा-किरकोळ 9 हजार आणि तुमचा स्वतःचा पगार 40 हजार. महिन्याचे झाले 1 लाख 30 हजार. दोन मेकॅनिक, 26 दिवस, रोज आठ तास म्हणजे 416 तास. पण पार्टची वाट बघणं, गाड्या पुढेमागे करणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यात बरेच तास जातात. बिलात येतात ते साधारण 60 टक्के, म्हणजे 250. तास पडला 520 रुपयांना. नफ्यासकट 600 धरा. 416 ने भागलंत तर तास सव्वातीनशेच्या आत येतो आणि महिनाअखेर खिसा रिकामा.

सर्व्हिसिंग, ब्रेक पॅड, शॉकअप, क्लच या कामांना ठरीव दर लावा. तुमच्याच मेकॅनिकला लागणारा मधला वेळ धरा. कंपनीच्या वर्कशॉपचा वेळ उचलू नका. तिथे लिफ्ट असते, खास टूल असतात आणि गाड्या बहुतेक नव्या असतात. तुमच्याकडे क्लचला साडेतीन तास लागत असतील, तर 2,100. पोरानं तीन तासांत उरकलं तरी 2,100 आणि साडेचार लागले तरी 2,100.

एक अट मात्र जॉब कार्डावर आधीच लिहा: गंजून अडकलेला किंवा तुटलेला बोल्ट ठरीव दरात नाही. कोकण किनाऱ्यावरची गाडी असेल तर ही अट तोंडीही सांगा.

खरी गोची फॉल्ट शोधण्यात आहे. मला सगळ्यात जास्त त्रास यानेच दिला. इथे ठरीव दर सांगणं म्हणजे जुगार. पण नुसतं “लागेल तेवढा वेळ लावू” म्हटलंत तर गिऱ्हाईक घाबरतं, आणि बरोबरच आहे त्याचं. म्हणून काम टप्प्यांत तोडा.

एक गाडी घ्या. तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. गाडी घेतानाच सांगायचं, “पहिल्या तासाचे 600. तेवढ्यात बॅटरी, अल्टरनेटर आणि बंद गाडीतली करंटची गळती तपासतो. पुढचं फोन करून, तुम्ही हो म्हणालात तरच.” बॅटरी ठीक, चार्जिंग ठीक. मग निगेटिव्हला मीटर लावून गाडी लॉक करायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही, कारण गाडीतले कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. त्याआधीचा आकडा फसवा असतो. नंतर 50 मिलिअँपिअरच्या आत असायला हवं होतं, मीटर दाखवतोय 380. म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवर जातात. 35 ची बॅटरी चार दिवसांत संपणारच.

आता फोन: “गळती आहे हे पक्कं. कुठून ते शोधायला जास्तीत जास्त आणखी एक तास.” फ्यूज एकेक बघत गेलं की सापडतं: बाहेरून बसवलेल्या डॅशकॅमची वायर, कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवर जोडलेली. ती किल्लीवरच्या फ्यूजवर घेतली.

गाडी चार तास आत होती, बिल पावणेदोन तासांचं, 1,050 रुपये. ज्या अर्ध्या तासात गाडी झोपत होती, त्यात मेकॅनिक दुसऱ्या गाडीचे पॅड बदलत होता. तो वेळ दोघांकडून घेणं ही सरळ चोरी आहे. बिल हात लागलेल्या वेळेचं करा. कार्डावर सुरू आणि बंदची वेळ पाव तासाच्या हिशेबाने तिथल्या तिथे लिहायची. संध्याकाळी आठवून लिहिलेली वेळ मी मानत नाही. आणि फॉल्ट सापडला नाही तरी पहिल्या तासाचे पैसे घ्यायचेच. काय काय तपासलं ते मात्र लिहून द्यायचं.

पार्टवर छापील किमतीच्या वर एक रुपया लावता येत नाही, कायदाच तसा आहे. तुमचा फायदा दुकानदाराच्या सवलतीत असतो. 4,000 छापील किमतीचा क्लच सेट 3,400 ला मिळाला तर छापील किमतीला लावा आणि 600 बिनधास्त ठेवा. चुकीचा पार्ट परत करायची धावपळ आणि तो महिन्यात गेला तर फुकट बदलून द्यायची जबाबदारी त्यातच येते. सुटं ऑइल, होज, क्लिप यांना खरेदीवर 25-30 टक्के. ज्यावर छापील किंमत नाही अशा मोठ्या, महाग वस्तूला 10 पुरे.

गिऱ्हाईक स्वतःचा पार्ट घेऊन आलं तर बसवा, पण पार्टची हमी नाही असं कार्डावर लिहून सही घ्या. तो पार्ट खराब निघाला तर दुसऱ्यांदा उघडायचं लेबर पूर्ण लागेल, हे गाडी जॅकवर चढायच्या आधी सांगा.