श्वास आत, नाडी क्षीण: पल्सस पॅराडॉक्सस मोजताना या चुका टाळा

वॉर्डमध्ये एका तरुण रुग्णाच्या हृदयावरणात पाणी साठल्याची शंका होती. नाडी मिनिटाला 118, श्वास 24, मानेच्या शिरा फुगलेल्या. माझ्या विद्यार्थ्याने रक्तदाब घेतला आणि 108 लिहिला. मी त्याच हातावर पुन्हा मोजला तेव्हा मला दोन आकडे मिळाले: 108 ला ठोके फक्त श्वास सोडताना ऐकू आले, 86 ला सगळे ऐकू आले. त्याचा आकडा चुकीचा नव्हता, पण निदान या दोन आकड्यांमधल्या फरकात होतं आणि तो फरक त्याच्या हातून निसटला. श्वास आत घेताना वरचा रक्तदाब असा प्रमाणाबाहेर उतरतो, त्यालाच पल्सस पॅराडॉक्सस म्हणतात. तो फरक कसा निसटतो ते इथे लिहिते आहे.

आधी समजण्यातली चूक

परीक्षेत हमखास दिसणारं उत्तर असं असतं: श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो, हृदयाकडे जास्त रक्त परत येतं, म्हणून रक्तदाब वाढतो. पहिली दोन वाक्यं बरोबर आहेत, तिसरं नाही.

शांत श्वासात फुप्फुसाभोवतीचा दाब साधारण उणे 5 वरून उणे 8 सेंटिमीटर पाण्यापर्यंत उतरतो. छाती जणू रक्त ओढून घेते, खाली उतरणारा श्वासपटल पोटातल्या शिरांवर दाब देतो आणि उजव्या बाजूला जास्त रक्त भरतं. मात्र त्याच क्षणी डाव्या बाजूला कमी मिळतं. फुगणाऱ्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या थोडं रक्त स्वतःकडेच ठेवून घेतात. भरलेला उजवा कप्पा मधला पडदा डावीकडे ढकलतो. शिवाय डावा कप्पा आता जास्त उणे दाबाच्या छातीत बसलेला असल्यामुळे रक्त छातीबाहेर ढकलायला त्याला अधिक जोर लागतो. उजवीकडे आलेलं जादा रक्त फुप्फुसातून फिरून डावीकडे पोहोचायला काही ठोके जातात, तोवर बहुधा उच्छ्वास सुरू झालेला असतो. म्हणून श्वास आत घेताना वरचा रक्तदाब काही मिलिमीटर उतरतो. हे प्रत्येक निरोगी माणसात घडतं.

याच गोष्टीमुळे नावाचाही गोंधळ होतो. ‘पॅराडॉक्स’ शब्द वाचून विद्यार्थ्यांना वाटतं की आजारात नेहमीच्या उलट घडत असणार. तसं नाही. आजारात दिशा तीच राहते, घसरण तेवढी वाढते. 1873 मध्ये अडोल्फ कुस्मौल यांनी हे नाव दिलं तेव्हा त्यांना विसंगत वाटली ती गोष्ट वेगळी होती: हृदयाचे ठोके ऐकू येत होते आणि मनगटावरची नाडी मात्र श्वासासोबत हरवत होती.

हृदयाभोवती घट्ट पाणी साठलं, म्हणजे टॅम्पोनाड झाला, की हृदयाला बाहेरच्या बाजूला फुगायला जागा उरत नाही. मग उजवा कप्पा जेवढा भरेल तेवढी जागा तो डाव्याकडूनच घेतो. काही मिलिमीटरची घसरण 10 च्या वर जाते. आपण मोजतो ते हेच.

मोजताना काय बिघडतं

सगळ्यात जास्त नुकसान हवा भराभर सोडल्याने होतं. आमच्या रुग्णाचाच हिशोब करू. मिनिटाला 24 श्वास म्हणजे एका श्वासाला अडीच सेकंद, आणि तेवढ्या वेळात सुमारे पाच ठोके. नेहमीच्या सवयीने सेकंदाला 3 मिलिमीटर वेगाने पारा उतरवला, तर एका श्वासात तो साडेसात मिलिमीटर खाली जातो. 108 ते 86 हा पूर्ण टप्पा तीन श्वासांत संपतो. मधूनमधून गळणारे ठोके कानाला थोडे अनियमित वाटतात, एवढंच. विद्यार्थी पहिल्या आवाजाला आकडा लिहितो आणि पुढे जातो.

पट्ट्यात अंदाजे वरच्या दाबाच्या 20 मिलिमीटर वरपर्यंत हवा भरा. मग दोन-दोन मिलिमीटरच्या पायऱ्यांनी उतरा आणि प्रत्येक पायरीवर किमान एक पूर्ण श्वास ऐका. डोळे रुग्णाच्या छातीवर, कान स्टेथोस्कोपवर. 108 ला मला पाचांपैकी दोनच ठोके ऐकू आले, तेही छाती खाली बसताना. श्वास आत जाताना शांतता. 100 ला तसंच, 92 ला तसंच. 86 ला मात्र श्वास आत असो वा बाहेर, प्रत्येक ठोका वाजू लागला. 108 वजा 86, म्हणजे 22. एवढं करायला जेमतेम अर्धं मिनिट लागलं. पट्टा फार वेळ फुगलेला राहिला तर हात दुखतो, म्हणून पुन्हा मोजण्याआधी तो पूर्ण मोकळा करा.

दुसरी चूक सद्हेतूने होते: फरक नीट कळावा म्हणून रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगितलं जातं. जोर लावून ओढलेल्या श्वासात छातीतला दाब खूपच खाली जातो आणि निरोगी माणसातही फरक 10 च्या पुढे जाऊ शकतो. श्वास रोखायला सांगितलं तर मोजायचं ते उरतच नाही. त्याला फक्त नेहमीसारखा श्वास घेऊ द्या. मी तर रुग्णाला श्वासाबद्दल काही बोलतच नाही. बोललं की त्याचं लक्ष श्वासाकडे जातं आणि श्वास बदलतो.

स्वयंचलित यंत्रावर विसंबू नका. ते अनेक ठोक्यांच्या कंपनांवरून एकच आकडा काढतं, आणि श्वासामुळे होणारा चढउतार त्यातच विरून जातो. दर वेळी वेगळा आकडा आला तर यंत्र बिघडलं असं समजण्याआधी हाताने मोजा. बोटावरच्या ऑक्सिजन यंत्राची लाट श्वासासोबत लहानमोठी होत असेल, तर तो इशारा आहे. पण त्यावरून मिलिमीटर कळत नाहीत.

आकडा मिळाला, पण अर्थ चुकला

एट्रियल फिब्रिलेशन असेल, म्हणजे हृदयाची लय पूर्ण अनियमित असेल, तर ठोक्याठोक्याला भरणं बदलतं. तिथे आवाज गळतात ते श्वासामुळे की अनियमिततेमुळे, हे या पद्धतीने सांगता येत नाही. आकडा लिहूच नका.

फरक 10 च्या आत आला म्हणून टॅम्पोनाड नाही, असंही नाही. महाधमनीची झडप खूप गळत असेल तर डावा कप्पा तिकडून भरतो. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर दोन्ही बाजूंचं भरणं समान होत राहतं. दोन्हींत टॅम्पोनाड असूनही घसरण लपते. शंका असेल तर हृदयाची सोनोग्राफी करावीच लागते. आमच्या रुग्णाची केली, पाणी काढलं, आणि त्याच हातावर फरक 22 वरून 7 वर आला.

रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर यंत्र हवा ढकलतं, म्हणजे श्वास आत जाताना छातीतला दाब वाढतो. शिरांतून परतणारं रक्त तेव्हा कमी होतं आणि डावीकडचा दाब आधी थोडा चढून मग उतरतो. सगळी वेळच उलटी झालेली असते. 10 मिलिमीटरचा नियम तिथे लावू नका.

दम्याच्या तीव्र झटक्यात हृदयाभोवती पाणी नसतानाही हा फरक मोठा येतो, कारण अरुंद श्वासनलिकांतून हवा ओढायला रुग्ण प्रचंड जोर लावतो. इथली चूक जिवावर बेतू शकते. संध्याकाळी 18 असलेला फरक रात्री 8 झाला की ‘बरं वाटतंय’ अशी नोंद होते. औषधाने श्वासनलिका मोकळ्या झाल्या असतील तर ते खरं असेल. पण रुग्ण थकून जोर लावेनासा झाला तरी आकडा असाच उतरतो, कारण छातीतला दाब आता तेवढा खाली जात नाही. तो पूर्ण वाक्य बोलू शकतो का, छातीत हवा शिरल्याचा आवाज येतो का, गुंगी येते आहे का, हे त्याच वेळी तपासा. छाती शांत झाली असेल आणि डोळे मिटत असतील, तर 8 हा आकडा 18 पेक्षा वाईट आहे आणि वरिष्ठांना लगेच बोलवायला हवं.