कन्सेंट फॉर्म आधी ज्यांना द्यायचाय त्यांच्याकडून तपासून घ्या

एमएसडब्ल्यूच्या डेझर्टेशनसाठी मी अंध प्रवाशांचे बसप्रवासाबद्दल इंटरव्ह्यू घेत होते. कन्सेंट फॉर्म दोन पानी, मराठीत, कॉलेजच्या एथिक्स कमिटीनेही पास केलेला. पहिल्याच ताईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर त्यांचा लगेच फोन, "अगं, मोबाइल नुसती एबीसीडी बडबडतोय, यात मराठी कुठंय?"

झालं असं की डीटीपीवाल्याने जुना फॉन्ट वापरलेला. तो युनिकोड नसतो, डोळ्यांना "संमतीपत्र" दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात आणि मोबाइलमधला मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर तीच वाचतो. म्हणून पाठवायच्या आधी एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, मराठी राहिलं तर ठीक. आणि स्कॅन केलेली पीडीएफ तर नकोच, ती म्हणजे नुसता फोटो.

मी म्हटलं, मी वाचून दाखवते ना. तर ताई म्हणाल्या, "तू काय गाळलंस ते मला कसं कळणार? आणि रात्री परत एकदा वाचावंसं वाटलं तर?" हे मला आजही विसरता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ६ मध्येही हेच आहे, की रिसर्चसाठीची संमती सुगम्य स्वरूपात घ्यायची, शिवाय अशा रिसर्चला सरकारने नेमलेली जी समिती परवानगी देते तिच्यात निम्म्याहून कमी नाही इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थेचे हवेत. "आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको" म्हणतात ते कायद्यात असं उतरलंय.

मग फॉर्म युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला, सोबत ऑडिओ दिला, आणि ज्यांना हवं त्यांची संमती सहीऐवजी रेकॉर्ड केली. नंतर "कळलं का?" असं विचारायचं सोडलं, कारण सगळे हो म्हणतात. त्याऐवजी विचारायचे, "मधेच थांबावंसं वाटलं तर काय कराल?" एक काका म्हणाले, "आता हो म्हटलंय म्हणजे पूर्ण करावंच लागणार ना, संस्थेने पाठवलंय तुम्हाला." म्हणजे ती संमती नव्हतीच! "सहभाग ऐच्छिक आहे" हे वाक्य काढून लिहिलं, "कधीही नको म्हणा, कारण सांगावं लागणार नाही, संस्थेची मदत बंद होणार नाही." ते काकांना पुन्हा ऐकवलं आणि इंटरव्ह्यू दोन दिवसांनी ठेवला, विचार करायला वेळ हवा म्हणून.

कर्णबधिर लोकांसोबत करणार असाल तर लेखी मराठी कळतंच असं धरू नका, अनेकांची पहिली भाषा साइन लँग्वेज असते. व्हिडिओ करा, आणि इंटरप्रिटर त्यांना चालणारा घ्या, घरचं माणूस नको, त्याच्यासमोर नाही म्हणणं जड जातं.

ताईंना मी मानधन देऊन प्रश्नावलीही तपासायला दिली. माझे सगळे प्रश्न बसमध्ये चढण्याबद्दल होते. त्या म्हणाल्या, चढता येतं गं, पण बस स्टॉपच्या पुढे जाऊन थांबते आणि आम्ही तिथे पोचेपर्यंत निघून जाते, ते विचार. तो प्रश्न पहिला घेतला.