छाती दगडासारखी झाली, ताप आला: पहिल्या २४ तासांत काय करावं

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध भरपूर येऊ लागतं, तेव्हा दोन्ही स्तन जड, गरम आणि ताणलेले होणं नेहमीचंच आहे. हा ताण फक्त साचलेल्या दुधाचा नसतो. त्या भागात रक्तपुरवठा वाढतो, ऊतींमध्ये पाणी साठून सूज येते आणि तिच्या दाबाने दुधाच्या नळ्या अरुंद होतात. म्हणून जोर लावून चोळणं किंवा गाठ 'फोडायला' जाणं उलट अंगाशी येतं. सूज वाढते आणि नळ्या आणखी दबतात. पंप लावून स्तन रिकामा करण्याचा आग्रहही नको, कारण जितकं दूध काढाल तितकं शरीर आणखी बनवतं.

आधी बाळाला नीट धरता येईल एवढा मऊपणा आणा. स्तनाग्राच्या मुळाशी चारही बाजूंनी बोटांची टोकं ठेवा आणि छातीच्या दिशेने हलका, स्थिर दाब मिनिटभर द्या. सूज थोडी मागे सरकते आणि काळसर भाग मऊ पडतो. लगेच बाळाला पाजायला घ्या. तरीही त्याला पकड जमली नाही, तर हाताने थोडंसं दूध काढा. मऊपणा आला की थांबा. नंतर बाळ मागेल तसं, दोन्ही बाजूंनी पाजत राहा.

पाजून झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा. गरम शेकाने काहींना बरं वाटतं, पण त्याने सूज वाढू शकते, म्हणून माझा कौल थंडीलाच. दुखण्यासाठी जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. हे औषध सूजही उतरवतं आणि स्तनपानात चालतं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वाढलेला रक्तदाब किंवा अशा गोळीने दमा उफाळण्याचा इतिहास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आता पुढची पायरी. समजा, बाळ तीन आठवड्यांचं आहे. आईच्या उजव्या स्तनाचा बाहेरचा भाग दुपारी हुळहुळतो. संध्याकाळी तिथे त्रिकोणी लाल पट्टा दिसतो, अंग मोडून येतं आणि ताप १०१ फॅरेनहाइट भरतो. ही स्तनदाहाची सुरुवात झाली. पण ताप आणि लाली दिसली म्हणजे जंतुसंसर्ग झालाच असं नाही, निव्वळ सुजेनेही तेवढं होतं. तिने लालीच्या कडेने पेनने रेघ ओढावी, वेळ लिहून ठेवावी आणि पाजणं, बर्फ, गोळी, विश्रांती हाच क्रम चालू ठेवावा. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि लाली रेघेच्या आत आली, तर अँटिबायोटिकची गरज नाही.

याउलट २४ तासांनीही ताप कायम असेल किंवा लाली रेघ ओलांडत असेल, तर डॉक्टरांकडे जा. आता अँटिबायोटिक लागण्याची शक्यता मोठी. स्तनाग्राला चीर पडून त्यात पू दिसत असेल, तर एवढंही थांबू नये. आणि हुडहुडी भरून ताप चढतोय, नाडी फार जलद आहे, गळून गेल्यासारखं वाटतंय किंवा भान हरपतंय, तर तडक रुग्णालय गाठा.

या संसर्गामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो. तो पेनिसिलिन निकामी करणारं विकर बनवतो, त्यामुळे घरात उरलेल्या, पेनिसिलिनच्याच गटातल्या साध्या अमॉक्सिसिलिनचा सहसा उपयोग होत नाही. डॉक्टर बहुधा सेफॅलेक्सिन, फ्लुक्लोक्सासिलिन किंवा डायक्लोक्सासिलिन देतात, साधारण १० ते १४ दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास आधीच सांगा, पर्यायी औषधं आहेत. त्याच स्तनातून पाजणं चालू ठेवावं. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला त्या दुधाने अपाय होत नाही, आणि पाजणं एकदम बंद केलं तर दूध तुंबून आजार बळावतो.

औषध सुरू केल्यावर ४८ तासांत फरक दिसायला हवा. तो नाही दिसला, तर गोळी बदलण्याआधी दुधात कोणता जंतू वाढतो ते पाहणारं कल्चर आणि सोनोग्राफी करावी. एकाच जागी घट्ट, दुखरी गाठ राहिली असेल, तर आत पू साठलेला असू शकतो. तो नुसत्या गोळ्यांनी बरा होत नाही. बऱ्याचदा सोनोग्राफीत पाहत सुईने पू काढला की काम भागतं, कधी ते पुन्हा करावं लागतं. पूर्ण उपचारानंतरही लाली किंवा गाठ काही आठवडे राहिली, तर तिला स्तनदाहच समजून बसू नका. स्तनाची पुन्हा तपासणी करून घ्या, कारण क्वचित कर्करोगही असाच दिसतो.