पहिली जर्मन पे-स्लिप: आधी श्टॉयरक्लासे बघा

ऑफर लेटरवर लिहिलेला आकडा ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा पगार. खात्यात जमा होतो तो नेटो. भारतातल्या सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्साही धरलेला असतो, इथल्या ब्रुटोत तसं नसतं. पेन्शन आणि विम्याचा स्वतःचा हिस्सा कंपनी ब्रुटोच्या वर, वेगळा भरते. तुमच्या स्लिपवर दिसणारी कपात फक्त तुमच्या हिश्शाची असते.

2025 साली नाशिकहून श्टुटगार्टला आलेला एक मुलगा पहिली स्लिप घेऊन माझ्याकडे आला होता. वय 28, लग्न झालेलं नाही, मूलबाळ नाही, ब्रुटो 4,000 युरो. 2,600 च्या आसपास हातात येतील या हिशेबाने त्याने घरभाडं ठरवलं होतं. आले 2,140 सुद्धा नाहीत. विम्यात भरमसाट कापलं, असं त्याला वाटलं.

म्हणून आम्ही आधी विम्याच्याच ओळी तपासल्या. RV म्हणजे पेन्शन, 9.3 टक्के, 372 युरो. AV म्हणजे बेरोजगारी विमा, 1.3 टक्के, 52 युरो. KV म्हणजे आरोग्य विमा. त्याचा मूळ दर 7.3 टक्के, आणि त्यावर प्रत्येक विमा संस्था स्वतःची जादा वर्गणी लावते, तिचा अर्धा भाग आपला. त्याच्या संस्थेची जादा वर्गणी 2.5 टक्के होती, म्हणून एकूण 8.55 टक्के, 342 युरो. PV म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात लागणाऱ्या शुश्रूषेचा विमा. मूल नसलेल्यांना वयाची 23 वर्षं पूर्ण झाल्यावर तो 2.4 टक्के पडतो, म्हणून 96 युरो. चारही मिळून 862. सगळं बरोबर होतं.

घोळ होता LSt या ओळीत, म्हणजे लोनश्टॉयर, पगारावरचा आयकर. तिथे साधारण 1,000 युरो कापले होते. त्याच्या स्थितीत ते 535 च्या आसपास असायला हवे होते. स्लिपच्या वरच्या भागात StKl असं लिहिलेलं असतं, त्यापुढचा आकडा म्हणजे श्टॉयरक्लासे, तुमचा कराचा वर्ग. एकट्या माणसाला 1 मिळायला हवा, त्याच्या स्लिपवर 6 होता. सहावा वर्ग खरं तर दुसऱ्या नोकरीसाठी असतो. त्यात करमुक्त रकमेची सूटच मिळत नाही, म्हणून कर जवळजवळ दुप्पट झाला.

हे झालं कशामुळे? कंपनीकडे त्याचा श्टॉयर आयडी, म्हणजे करदात्याचा क्रमांक, नव्हता. हा 11 अंकी क्रमांक आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, केल्यावर काही आठवड्यांत टपालाने येतो. याच्या पत्रपेटीवर जुन्या भाडेकरूचंच नाव होतं, त्यामुळे पत्र परत गेलं. म्हणून घराची किल्ली मिळाली की त्याच दिवशी पेटीवर आपलं आडनाव चिकटवा. पत्र आलंच नाही तर जवळच्या फिनान्सआम्टमध्ये, म्हणजे कर कार्यालयात, पासपोर्ट आणि नोंदणीचा कागद घेऊन क्रमांक विचारता येतो. उशीर तुमच्या चुकीने नसेल, तर कंपनी तीन महिन्यांपर्यंत तुमच्या खऱ्या वर्गाचा अंदाज धरून कर कापू शकते. एचआरला हे पहिल्या आठवड्यातच लेखी कळवा. आणि श्टॉयर आयडी म्हणजे पेन्शनचा सोत्सियालफर्झिशेरुंग्सनुमर नव्हे. हे दोन्ही नेहमी एकमेकांच्या जागी लिहिले जातात.

लग्न झालेलं असेल आणि जोडीदार अजून भारतातच असेल, तरी वर्ग 1 च राहतो. जोडीदार इथे येऊन नोंदणी झाली की दोघांना आपोआप 4 मिळतो. एकाचीच कमाई असेल तर 3 आणि 5 ची जोडी अर्ज करून मागावी लागते. महिन्याच्या हातातल्या पैशात तिने मोठा फरक पडतो.

SolZ, म्हणजे सोलिडारिटेट्सत्सुश्लाग हा आयकरावरचा अधिभार, 2021 पासून फक्त बराच जास्त कर भरणाऱ्यांना लागतो, त्यामुळे तिथे शून्य दिसलं तर बिचकू नका. KiSt मात्र वसईच्या, गोव्याच्या कॅथलिक वाचकांनी नीट बघावं. आनमेल्डुंगच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात रोमन कॅथलिक लिहिलं की चर्चचा कर सुरू होतो. तो लोनश्टॉयरच्या 9 टक्के, आणि बायर्न व बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8 टक्के असतो. 535 युरो करावर श्टुटगार्टमध्ये महिन्याला जवळजवळ 43 युरो. भरायचा असेल तर जरूर भरा, पण तो रकाना काय करतो हे ठाऊक असताना भरा.

मुलं असतील, अगदी भारतात आजी-आजोबांकडे असली, तरी जन्मदाखला एचआरला द्या. PV 2.4 वरून 1.8 टक्क्यांवर येतो, 4,000 वर महिन्याला 24 युरो वाचतात.

त्या मुलाचा क्रमांक दुसऱ्या महिन्यात कंपनीकडे पोचला. पुढच्या स्लिपला र्युकरेखनुंग नावाचं एक पान जोडलेलं होतं. त्यात पहिल्या महिन्याचा कर वर्ग 1 ने पुन्हा मोजून जादा कापलेले 465 युरो परत केले होते. कंपनीने त्याच वर्षात अशी दुरुस्ती केली नाही, तरी पैसे बुडत नाहीत. वर्ष संपल्यावर श्टॉयरएर्क्लेरुंग, म्हणजे आयकराचं रिटर्न, भरून ते परत मागता येतात, आणि स्वेच्छेने भरणाऱ्याला त्यासाठी चार वर्षं मिळतात. तोवर सगळ्या स्लिपा जपून ठेवा.