पहिला दात आणि रात्रीची बाटली

बाळाचा पहिला दात दिसला की त्याच दिवसापासून ब्रश सुरू करा. बाळाला मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ बोटाने हलकेच उचला आणि मऊ, छोट्या ब्रशने हिरडीलगत फिरवा. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, पण फ्लोराइडची. पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा बघून घ्या; लहान मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड कमी असतं किंवा नसतंच. एवढीशी पेस्ट गिळली गेली तरी चालते.

खरा घात होतो तो रात्री. झोपेत लाळ कमी सुटते आणि बाटलीतलं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेआड वाचतात, म्हणून कीड आधी वर दिसते. दूध संपवून, दात घासून मगच झोपवा. नंतर बाटली हवीच असेल तर फक्त पाणी. साखर, मध कशातच नको.

महिन्यातून एकदा वरचे दात कापडाने कोरडे करून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर लगेच दातांच्या डॉक्टरांकडे न्या. या टप्प्यावर कीड थांबवता येते. तपकिरी खड्डा पडला की बहुतेकदा दात भरावा लागतो.