पीएच.डी.तून प्रसूतीसाठी किंवा आजारी आई-वडिलांसाठी रजा घेताना या चुका टाळा

रजा मंजूर झाली म्हणजे पीएच.डी.ची मुदतही तेवढीच पुढे सरकली, असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनुसार प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन आणि महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद वेगळी आहे. हे दिवस सहा वर्षांतून आपोआप वगळले जातात, असे त्यात म्हटलेले नाही. म्हणून रजेच्या आदेशातच मुदतीची नवी तारीख नमूद करण्याची विनंती करावी आणि ती नाकारली गेल्यास जुनीच तारीख धरून आखणी करावी.

दुसरी चूक फेलोशिपच्या हिशेबात होते. यूजीसीच्या जेआरएफमध्ये प्रसूती रजेच्या काळात फेलोशिप पूर्ण दराने केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे मिळते आणि त्या नियमांत प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. समजा, रजा १ फेब्रुवारी २०२६ पासून घेतली, तर १८० दिवस ३० जुलैला संपतात आणि २४० दिवस २८ सप्टेंबरला. मधल्या साठ दिवसांची फेलोशिप मिळेलच असे धरून घरखर्च ठरवू नये. शिवाय दुसऱ्या बाळंतपणाची रजाही याच २४० दिवसांतून जाते.

परत येण्याच्या योजनेत ‘उर्वरित काम पूर्ण करीन’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे. वरील उदाहरणातील संशोधक कोकणातील भातशेतीच्या मातीवर काम करीत असेल, तर जुलैअखेर हजर होईपर्यंत लावणी बहुतेक उरकलेली असते. सहा महिन्यांच्या रजेने प्रत्यक्षात एका खरिपाचे नमुने हुकतात. तेव्हा योजनेत ऑगस्ट ते डिसेंबर जुन्या नमुन्यांचे विश्लेषण व एक प्रकरण, आणि जून २०२७ मध्ये नवे नमुने, असे स्पष्ट लिहावे. लावणीच्या वेळचे नमुने दुसऱ्या कोणी घेऊन ठेवणे शक्य असेल, तर ते मार्गदर्शकांशी रजेआधीच ठरवावे. सल्लागार समितीपुढील सहामाही सादरीकरण कोणत्या महिन्यात होईल, हेही त्यातच यावे.

आई-वडिलांच्या आजारपणासाठी मात्र या नियमावलीत स्वतंत्र रजा नाही, त्यामुळे सारे विद्यापीठाच्या अध्यादेशावर आणि समितीच्या शिफारशीवर अवलंबून असते. अशा अर्जात ‘वैयक्तिक कारण’ लिहून मोकळे होऊ नये. निदान, उपचाराचा अपेक्षित कालावधी आणि घरी दुसरे कोणी का नाही, हे लिहून रुग्णालयाची कागदपत्रे जोडावीत. आजार किती लांबेल हे सांगता येत नसल्यास एकदम वर्षाची रजा मागण्यापेक्षा एका सत्राची मागून, मुदतवाढीचा अर्ज ती संपण्यापूर्वीच द्यावा. मार्गदर्शकांचा तोंडी होकार ही रजा नव्हे; अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी, आणि परतल्यावर त्याच दिवशी हजर अहवाल देऊन त्याची प्रत फेलोशिप पाहणाऱ्या विभागालाही द्यावी, कारण तिथे नोंद झाली नाही तर पुढील महिन्यांची रक्कम अडकू शकते.